नव्या टीव्हीवर थ्रीडी का दिसत नाही? कोणते फॉरमॅट उरले आणि बाकीचे कशामुळे गेले

घरात थ्रीडी ब्लू-रे डिस्क आहेत, प्लेअरही चालू स्थितीत आहे, आणि आता नवा टीव्ही घ्यायचा आहे. अशा माणसाचा पहिला प्रश्न असतो की सध्याचे टीव्ही कोणता थ्रीडी फॉरमॅट घेतात. सरळ उत्तर असं की मोठ्या ब्रँडांच्या आजच्या नेहमीच्या टीव्हींपैकी एकही थ्रीडी घेत नाही. सॅमसंगने २०१६ च्या मॉडेल्समधून ही सोय काढली. एलजी आणि सोनी यांनी २०१७ मध्ये तेच केलं आणि तिथे विषय मिटला. नवा टीव्ही ८के असला, कितीही महाग असला, तरी त्याच्या मेनूत थ्रीडी सापडणार नाही.

पण थ्रीडी म्हणजे एकच एक गोष्ट नाही, त्यामुळे एवढ्या उत्तरावर थांबता येत नाही. टीव्हीला इथे दोन वेगळी कामं करावी लागतात. केबलमधून आलेल्या सिग्नलमध्ये डाव्या आणि उजव्या डोळ्याची चित्रं कशी भरली आहेत हे ओळखणं, हे पहिलं. ती दोन चित्रं प्रत्यक्षात दोन वेगळ्या डोळ्यांपर्यंत पोचवणं, हे दुसरं. पहिलं काम मुख्यतः सॉफ्टवेअरचं आणि चिपचं आहे, दुसरं पडद्याचं आणि चष्म्याचं. थ्रीडी बंद का पडलं याची खरी कारणं दुसऱ्या कामात दडलेली आहेत, पण सुरुवात पहिल्यापासून करू.

२०१० मध्ये आलेल्या एचडीएमआय १.४ए या मानकाने थ्रीडी टीव्हीला तीन मांडण्या समजल्याच पाहिजेत असं ठरवलं. सगळ्यांत चांगली मांडणी म्हणजे फ्रेम पॅकिंग. यात डाव्या डोळ्याचं पूर्ण एचडी चित्र वर आणि उजव्या डोळ्याचं पूर्ण एचडी चित्र खाली ठेवतात, मध्ये ४५ रिकाम्या ओळी सोडतात आणि सगळं मिळून १९२० बाय २२०५ अशी एकच उंच फ्रेम पाठवतात. १०८० अधिक ४५ अधिक १०८० असा हा हिशोब आहे. सेकंदाला अशा २४ फ्रेम जातात, आणि त्याला केबलवर लागणारी जागा साध्या १०८०पी ६० हर्ट्झ सिग्नलइतकीच भरते. म्हणून थ्रीडीसाठी वेगळ्या खास केबलची गरज कधीच नव्हती. थ्रीडी ब्लू-रे याच मार्गाने येते. डिस्कवर मात्र दोन पूर्ण चित्रपट भरलेले नसतात. एका डोळ्याचं चित्र पूर्ण असतं, दुसऱ्याचं फक्त फरकाच्या रूपात, त्यामुळे साध्या चित्रपटाच्या साधारण दीडपट जागेत काम भागतं. हा फरक उलगडून दोन पूर्ण चित्रं तयार करण्याचं काम प्लेअर करतो. टीव्हीवर त्याचा बोजा पडत नाही, हे लक्षात असू द्या, पुढे उपयोगी पडेल.

दुसरी मांडणी साइड बाय साइड. दोन्ही चित्रं आडवी दाबून, प्रत्येकी ९६० बाय १०८०, एकाच एचडी फ्रेममध्ये शेजारीशेजारी बसवतात. तिसरी टॉप अँड बॉटम, जिच्यात चित्रं उभी दाबून एकाखाली एक ठेवतात. दोन्हींत तपशील निम्मा जातो, पण फायदा मोठा आहे. बाहेरून बघितलं तर ही साधी एचडी फ्रेमच असते. जुने सेट टॉप बॉक्स, जुनी प्रक्षेपण यंत्रणा, पेन ड्राइव्हवरची फाइल, कशातूनही ती पुढे जाते. म्हणून टीव्ही चॅनेल्सनी या मांडण्या उचलल्या आणि इंटरनेटवरच्या बहुतेक थ्रीडी फाइल्सही अशाच असतात.

आता याच तीन मांडण्या आजच्या टीव्हीला जोडून बघू. थ्रीडी ब्लू-रे प्लेअर टीव्हीला लावला की चित्र पाठवण्याआधी तो टीव्हीची क्षमतांची यादी वाचतो. एचडीएमआय जोडलेलं प्रत्येक उपकरण अशी यादी आपणहून पुढे करतं. नव्या टीव्हीच्या यादीत थ्रीडीची नोंदच नसते. त्यामुळे प्लेअर फ्रेम पॅकिंग पाठवतच नाही. एकतर तो तीच डिस्क टूडीमध्ये दाखवतो किंवा हा टीव्ही थ्रीडी नाही असा संदेश देतो. यात डिस्कचा किंवा केबलचा काही दोष नसतो, आणि केबल बदलून काहीही फरक पडत नाही.

साइड बाय साइड फाइलचं वेगळंच होतं. ती नव्या टीव्हीवर बिनतक्रार सुरू होते, कारण टीव्हीच्या लेखी ते साधं चित्रच असतं. पण पडद्यावर तोच प्रसंग दोनदा, डावीकडे एक आणि उजवीकडे एक, सगळी माणसं बारीक आणि लांबट झालेली अशा रूपात दिसतो. जुन्या टीव्हीत रिमोटवर एक बटण असायचं. ते दाबलं की टीव्ही दोन्ही अर्धी चित्रं ताणून एकमेकांवर आणायचा आणि चष्म्यातून चित्राला खोली आलेली दिसायची. आता ते बटणही नाही आणि त्यामागची यंत्रणाही नाही. कोणत्याही रंगीत पडद्यावर आजही चालणारी पद्धत एकच उरली आहे, ती म्हणजे लाल-निळसर काचांच्या कागदी चष्म्याची. डोळ्यांची चित्रं रंगानेच वेगळी केलेली असल्याने टीव्हीला काही कळण्याची गरज नसते. पण तिच्यात रंगांची वाट लागते आणि थोड्या वेळात डोळे शिणतात, त्यामुळे अख्खा चित्रपट तसा बघायला मी कुणालाही सुचवणार नाही.

आता दुसरं काम, दोन डोळ्यांना दोन चित्रं पोचवण्याचं. यासाठी घरगुती टीव्हीत दोन पद्धती होत्या. सक्रिय चष्म्याच्या पद्धतीत टीव्ही डावं चित्र, मग उजवं, मग पुन्हा डावं असं झपाट्याने दाखवतो. चष्म्याच्या काचा एलसीडीच्या असतात आणि त्याच तालात आळीपाळीने काळ्या होतात. टीव्ही इन्फ्रारेड किंवा ब्लूटूथने चष्म्याला ताल देत असतो. निष्क्रिय पद्धतीत पडद्यावर एक पातळ फिल्म चिकटवलेली असते. ती एका ओळीच्या प्रकाशाला एका दिशेने गोलाकार ध्रुवण देते आणि पुढच्या ओळीच्या प्रकाशाला उलट दिशेने. चष्म्यात बॅटरी नसते. एक काच विषम ओळी आत सोडते, दुसरी सम ओळी. बहुतेक थिएटरमध्ये मिळणारा गोलाकार ध्रुवणाचा चष्मा अशा टीव्हीवर चालतो.

सक्रिय पद्धतीतला कच्चा दुवा म्हणजे उजेड. तो किती जातो हे एका उदाहरणातून पाहू. समजा टीव्ही साध्या चित्रात ४०० निट्स उजेड देतो आणि १२० हर्ट्झवर चालतो. म्हणजे एक फ्रेम साधारण ८.३ मिलिसेकंद टिकते आणि डाव्या डोळ्याची पाळी दर १६.७ मिलिसेकंदांनी येते. डावी काच अर्धा वेळ बंद, म्हणजे उजेड झाला २००. पण काच पूर्ण ८.३ मिलिसेकंद उघडी ठेवता येत नाही. पडद्यावरचं चित्र एका क्षणात बदलत नाही, ते वरून खाली ओळीओळीने बदलत जातं. अर्ध्या वाटेवर असताना वरच्या भागात नवं डावं चित्र आणि खालच्या भागात अजून जुनं उजवं चित्र असतं. त्या वेळी काच उघडी राहिली तर डाव्या डोळ्याला उजव्याचं चित्र दिसतं, आणि कडांपाशी फिकट दुहेरी बाह्यरेषा उमटतात. याला सगळे घोस्टिंग म्हणतात. ते टाळायला चित्र पूर्ण बसेपर्यंत थांबून मगच काच उघडावी लागते. समजा त्यातून ४ मिलिसेकंद हाती लागले, तर उजेड येतो १०० निट्सच्या आसपास. उघडी काचही पूर्ण पारदर्शक नसते, तिथे आणखी काही जातो. ४०० मधले शंभरसुद्धा डोळ्यापर्यंत पोचत नाहीत. बॅकलाइट जोरात चमकवून थोडी भरपाई करता यायची, पण चित्र मंद, सावल्या काळपट आणि कधी कधी लुकलुक ही तक्रार थ्रीडी टीव्ही बघितलेल्या जवळपास प्रत्येकाने केली आहे आणि ती खरी होती.

निष्क्रिय पद्धतीत उजेडाचं नुकसान बरंच कमी होतं आणि लुकलुक अजिबात नसते, पण तपशील जायचा. एचडी पडद्याला १०८० ओळी, त्या दोन डोळ्यांत वाटल्या की प्रत्येकाच्या वाट्याला ५४०. जवळ बसलं की आडव्या काळ्या रेषा जाणवायच्या, अक्षरांच्या कडा पायऱ्यांसारख्या दिसायच्या. म्हणून त्या काळी पूर्ण एचडी थ्रीडी हवं असेल तर सक्रिय आणि डोळ्यांना आराम हवा असेल तर निष्क्रिय, असा वाद चालायचा.

हा वाद ४के पडद्याने मिटवला. ४के टीव्हीला २१६० ओळी असतात. त्या वाटल्या तरी प्रत्येक डोळ्याला १०८० ओळी मिळतात, म्हणजे थ्रीडी ब्लू-रेच्या डिस्कवर जेवढ्या आहेत नेमक्या तेवढ्या. एलजीच्या २०१६ च्या ओएलईडी मालिकेतल्या ई६, जी६ आणि सी६ या मॉडेल्समध्ये हे जमून आलं होतं. हलका बिनबॅटरीचा चष्मा, लुकलुक नाही, डिस्कवरचा सगळा तपशील, आणि ओएलईडीमुळे काळा रंग खरोखर काळा. घरगुती टीव्हीवरचं थ्रीडी याहून चांगलं कधी झालं नाही असं माझं मत आहे. पुढच्याच वर्षी ते बंद झालं. २०१६ च्याच बी६ या मॉडेलमध्ये तर थ्रीडी नव्हतंच.

इतकं चांगलं जमल्यावर का सोडलं? कारण त्या वेळेपर्यंत बाजार हातातून गेला होता. अमेरिकेत एनपीडी या बाजार संशोधन संस्थेच्या आकड्यांनुसार टीव्ही विक्रीच्या एकूण रकमेत थ्रीडी टीव्हींचा वाटा २०१२ मध्ये २३ टक्के होता, २०१५ मध्ये १६ आणि २०१६ मध्ये ८ टक्क्यांवर आला. या घसरणीचा अर्थ लावताना एक गोष्ट विसरता कामा नये. थ्रीडी टीव्ही घेणाऱ्यांपैकी अनेकांनी तो थ्रीडीसाठी घेतलाच नव्हता. त्या काळात चांगला पडदा हवा तर वरच्या श्रेणीतला टीव्ही घ्यावा लागायचा आणि थ्रीडी त्यासोबत यायचं. कंपन्यांनाही ते दिसत होतं. सोय काढल्यावर एलजीने दिलेलं कारण साधं होतं, टीव्ही निवडताना लोक थ्रीडी आहे का हे बघून निर्णय घेत नाहीत.

बघायला काय आहे, हा प्रश्नही तितकाच अडचणीचा होता. अमेरिकेतलं ईएसपीएनचं थ्रीडी चॅनेल २०१३ मध्ये बंद झालं. त्याच वर्षी बीबीसीने थ्रीडी कार्यक्रमांना विराम देत असल्याचं सांगितलं. ब्रिटनमधलं स्कायचं थ्रीडी चॅनेल २०१५ मध्ये गेलं. उरल्या डिस्क. आणि २०१६ मध्ये बाजारात आलेल्या ४के ब्लू-रेच्या मानकात थ्रीडीला जागाच दिली नव्हती. म्हणजे ४के डिस्क ही थ्रीडी असूच शकत नाही. ४के संचासोबत थ्रीडी मिळालं तर ते वेगळ्या जुन्या एचडी डिस्कवर. मला वाटतं, टीव्ही कंपन्यांच्या दृष्टीने निकाल इथेच लागला. पुढच्या दहा वर्षांची डिस्क जी गोष्ट घेऊन येणार नाही, तिच्यासाठी पडदा कोण घडवेल?

त्यात एचडीआर आलं, म्हणजे लख्ख उजेड आणि गडद सावल्या एकाच चित्रात दाखवणारं तंत्र. एचडीआर चित्रपट १००० किंवा ४००० निट्सपर्यंतचा झगमगाट गृहीत धरून तयार होतात, आणि टीव्हीचा दर्जा उजेडावर मोजला जाऊ लागला. वर पाहिलेला ४०० वरून शंभराखाली घसरणारा हिशोब आणि ही नवी शर्यत यांचं जमणं शक्यच नव्हतं. निष्क्रिय पद्धतीत उजेडाचं एवढं अडत नव्हतं, पण तिथली फिल्म प्रत्येक पडद्याला पिक्सेलच्या ओळींशी अचूक जुळवून लावावी लागते. हा खर्च थ्रीडी कधीच न बघणाऱ्या गिऱ्हाईकाच्या टीव्हीवरही पडतो. चष्म्यांचा गोंधळ वेगळाच. सुरुवातीला एका कंपनीचा सक्रिय चष्मा दुसऱ्या कंपनीच्या टीव्हीवर चालायचा नाही. २०११ मध्ये पॅनासॉनिक, सॅमसंग, सोनी आणि चष्मे बनवणारी एक्सपँड यांनी समान मानक आणायचं ठरवलं, तोवर घरात चार माणसं आणि चष्मे दोनच या अनुभवाने अनेकांचा उत्साह ओसरला होता.

इथे एक शंका हमखास येते. डिस्कवरचा फरक उलगडायचं अवघड काम प्लेअर करतो, आजचे टीव्ही १२० किंवा १४४ हर्ट्झचे असतात, ओएलईडी तर झटक्यात चित्र बदलतो. मग नुसत्या अपडेटने सक्रिय थ्रीडी परत का देता येत नाही? सिग्नल ओळखण्यापुरतं हे बरचसं बरोबर आहे, तो भाग फार जड नाही. अडतं ते तालावर. चष्म्याची काच मिलिसेकंदाच्या अचूकतेने उघडायची तर टीव्हीत तसा इशारा देणारा ट्रान्समीटर लागतो, आणि चित्र नेमकं कधी पडद्यावर उमटलं हे त्याला कळावं लागतं. आजच्या टीव्हीत असा ट्रान्समीटर नसतो. ब्लूटूथ असतं, पण ते चष्म्याच्या तालासाठी तयार केलेलं नसतं.

काही हौशी मंडळींनी यावर बाहेरून तोडगा काढला आहे. संगणकावरून १२० हर्ट्झने डावी-उजवी चित्रं पाठवायची, पडद्याच्या कोपऱ्यात फ्रेमगणिक काळा-पांढरा होणारा छोटा चौकोन दाखवायचा, त्यावर प्रकाशाचा सेन्सर लावायचा आणि सेन्सरच्या इशाऱ्यावर जुने इन्फ्रारेड चष्मे चालवायचे. हे चालतं, आणि मला ते पाहून मनापासून आनंद होतो. पण ओएलईडीही ओळीओळीनेच चित्र बदलतो, त्यामुळे काच उघडायला मिळणारी फट छोटीच राहते. उजेडाचा हिशोब फारसा सुधारत नाही, आणि सेन्सर जरा सरकला तर पुन्हा जुळवणी करावी लागते. दुकानातून विकायच्या वस्तूत हे बसणारं नाही.

मग ज्याच्याकडे डिस्क आहेत त्याने काय करावं? पहिला पर्याय प्रोजेक्टर. घरगुती प्रोजेक्टरांत आजही अनेक मॉडेल्स फ्रेम पॅकिंग, साइड बाय साइड आणि टॉप अँड बॉटम या तिन्ही मांडण्या घेतात आणि सक्रिय चष्म्याने दाखवतात. पण सगळे घेत नाहीत, काही नव्या महाग मॉडेल्समधून ती सोय गेली आहे, तेव्हा माहितीपत्रकात फ्रेम पॅकिंगचा उल्लेख स्वतः वाचूनच घ्या. ‘थ्रीडी रेडी’ एवढ्यावर विसंबू नका. काही स्वस्त प्रोजेक्टर त्या नावाखाली फक्त संगणकाचा १२० हर्ट्झ सिग्नल किंवा साइड बाय साइड घेतात, आणि मग ब्लू-रे प्लेअर अडतो.

दुसरा पर्याय व्हीआर हेडसेट. दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं असल्याने तिथे ध्रुवण, काचा, घोस्टिंग यातलं काहीच उरत नाही. साइड बाय साइड फाइल्ससाठी आजचा सगळ्यांत सोपा मार्ग हाच. पण डोक्यावर वजन येतं आणि सगळ्यांनी मिळून बघणं होत नाही. बिनचष्म्याचे पडदेही आहेत. तोशिबाने तसा ४के पडद्याचा टीव्ही २०११ मध्येच आणला होता, पण अनेक दिशांना वेगळी चित्रं वाटताना त्यातलं थ्रीडी १२८० बाय ७२० वर आलं. आता कॅमेऱ्याने बघणाऱ्याचे डोळे टिपणारे मॉनिटर मिळतात. ते एका माणसासाठी, टेबलासमोर बसून वापरायचे. दिवाणखान्यात त्यांचा उपयोग नाही.

तिसरा पर्याय म्हणजे जुना टीव्ही, आणि त्यातही २०१६ किंवा त्याआधीचा निष्क्रिय ४के टीव्ही मिळाला तर उत्तम. प्लेअरकडे मात्र लक्ष द्या. सगळेच ४के प्लेअर थ्रीडी डिस्क चालवत नाहीत. प्लेस्टेशन ४ चालवतो, प्लेस्टेशन ५ नाही. मध्ये एव्ही रिसीव्हर असेल तर त्यालाही थ्रीडी कळायला हवं, कारण क्षमतांची यादी त्याच्यामार्फत जाते. जोडणी करून थ्रीडी सुरू होत नसेल तर आधी प्लेअर थेट टीव्हीला लावून बघा. तसं चाललं तर दोष रिसीव्हरपाशी आहे.

जुना टीव्ही घेताना काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी वस्तू असलेला थ्रीडी प्रसंग लावा, चष्मा घाला आणि एकेक डोळा मिटून बघा. उघड्या डोळ्याला त्या वस्तूची फिकट दुसरी प्रत दिसत असेल तर ते घोस्टिंग. निष्क्रिय टीव्हीवर अशी प्रत दिसली तर लगेच नाकारू नका, आधी डोळे पडद्याच्या मध्याच्या उंचीवर आणा. फिल्म आणि पिक्सेल यांच्यात थोडं अंतर असतं, त्यामुळे वरून किंवा खालून बघितलं की एका ओळीचा प्रकाश शेजारच्या ओळीच्या फिल्ममधून येतो. समोर बसून प्रत नाहीशी झाली तर टीव्ही ठीक आहे, फक्त तो भिंतीवर उंच टांगू नका. आणि जवळच्या वस्तू मागे, मागच्या पुढे असं काही विचित्र वाटलं, बघवत नसलं, तर डावं-उजवं उलटलेलं असतं. थ्रीडी मेनूत ते अदलाबदल करण्याचा पर्याय असतो, एवढं करून लगेच सुटतं.